टाकी फुल ते टाकी फुल : गाडीच्या डिझेलची वही



या वेळचा पाठ गाडी चालवणाऱ्या गटांसाठी आहे. काही गटांकडे मालाचा छोटा टेम्पो आहे, काहींकडे प्रवासी रिक्षा आहे, आणि दोन-तीन गट गाडी घ्यायच्या विचारात आहेत. बचतीची वही, कर्जाची वही आपण चोख ठेवतो. गाडीची वही मात्र बहुतेक ठिकाणी म्हणजे पंपाच्या बिलांची एक गड्डी, तीही रबर लावून ठेवलेली. महिना संपला की गड्डीची बेरीज होते आणि "डिझेलला दहा हजार गेले" एवढंच कळतं. दहा हजार जास्त गेले की बरोबर गेले, हे त्या गड्डीतून कळत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या एका गटाच्या टेम्पोवरून हे समजावून सांगते. गाडी पाऊण टनी, डिझेलवर चालणारी, टाकी ३० लिटरची. गावातून टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला न्यायचे आणि येताना किराणा नाहीतर पशुखाद्याची पोती आणायची, हे तिचं काम. जायला २४ किलोमीटर, यायला २४. गाडी चालवतो तो गटातल्याच एका ताईंचा मुलगा. डिझेलचा भाव पंपागणिक थोडा बदलतो, पण हिशेब सोपा जावा म्हणून मी सगळीकडे लिटरला ९० रुपये धरलाय. तुम्ही करताना तुमच्या बिलावरचा भाव धरा.

वहीत काय लिहायचं

पंपावर गेलं की पाच गोष्टी लिहायच्या. तारीख, गाडीच्या मीटरवरचा आकडा, किती लिटर भरलं, किती रुपये झाले, आणि टाकी फुल केली की थोडंच टाकलं. पाचवी गोष्टच सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि तिच्यावरच सगळा हिशेब उभा आहे. शेवटी एक रिकामी जागा ठेवायची, ड्रायव्हरला काही सांगायचं असेल तर त्यासाठी. ती जागा मी आधी ठेवलीच नव्हती. का ठेवावी लागली ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. टाकीत नेमकं किती डिझेल आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. काटा दाखवतो तो अंदाज. पण टाकी काठोकाठ भरली असेल, तर ती भरलेली आहे एवढं नक्की माहीत असतं. आज टाकी फुल केली, गाडी चालवली, आणि पाच दिवसांनी परत फुल केली. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावलं, तेवढंच मधल्या पाच दिवसांत जळलं. घरात तेलाचा डबा काठापर्यंत भरून ठेवला आणि महिन्याने परत काठापर्यंत भरताना तीन किलो लागलं, तर महिन्यात तीन किलो तेल वापरलं. आधी डब्यात किती होतं ते विचारायची गरजच पडत नाही.

म्हणून ॲव्हरेज काढताना मागच्या फुलपासून आजच्या फुलपर्यंत गाडी किती चालली ते बघायचं, आणि त्याला आज भरलेल्या लिटरने भागायचं. मागच्या वेळी भरलेल्या लिटरने नाही. बऱ्याच ताया इथे चुकतात. "त्या दिवशी १८ लिटर टाकलं आणि त्यावर एवढी चालली" असं मनाला वाटतं, पण मागच्या वेळचे १८ लिटर त्याच्याही आधी जळलेल्या डिझेलची भरपाई होती.

१ ऑगस्टला या गटाने टाकी फुल केली तेव्हा मीटर ४१,२०० होता. ५ ऑगस्टला परत फुल केली, मीटर ४१,५४२ आणि डिझेल बसलं १८ लिटर. ४१,५४२ मधून ४१,२०० वजा केले की ३४२ किलोमीटर. ३४२ भागिले १८ म्हणजे १९. गाडीने लिटरला १९ किलोमीटर दिले. १ तारखेला टाकी फुल करायला जे डिझेल लागलं, ते या हिशेबात घ्यायचंच नाही. ते जुलैचं. वही सुरू करताना पहिली टाकी फक्त सुरुवात म्हणून धरायची.

माझी चूक

९ ऑगस्टला ड्रायव्हरच्या खिशात नऊशेच रुपये होते, म्हणून त्याने दहा लिटर टाकलं. मीटर ४१,७००. वहीचा फोटो मला आला. मी घाईघाईत ४१,७०० मधून ४१,५४२ वजा केले, १५८ आले. भागिले १०, म्हणजे १५.८. मागच्या वेळी १९ आणि आता १५.८! मी सरळ फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, की डिझेल गेलं कुठे. तो म्हणाला, "ताई, मी कुठं नेणार डिझेल?" आणि गप्प झाला.

११ तारखेला टाकी फुल झाली. मीटर ४१,९३०, डिझेल साडेदहा लिटर. माझ्या त्याच पद्धतीने २३० भागिले १०.५ केलं तर २१.९ आलं. म्हणजे दोन दिवसांत गाडी खराब होऊन परत नव्यापेक्षा चांगली झाली? असं होत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ९ तारखेला टाकी फुल नव्हतीच, मग त्या दिवशी भागाकार करायचाच नव्हता. अर्धवट भरलेलं डिझेल नुसतं लिहून ठेवायचं आणि पुढच्या फुलला त्यात मिळवायचं. ५ तारखेच्या फुलपासून ११ तारखेच्या फुलपर्यंत गाडी चालली ३८८ किलोमीटर. मधलं दहा आणि शेवटचं साडेदहा मिळून डिझेल २०.५ लिटर. ३८८ भागिले २०.५ म्हणजे १८.९. गाडी अगदी ठीक होती, हिशेब माझा चुकला होता. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला बाकी पुष्कळ शिकवलं, हे नाही शिकवलं! मी त्या मुलाला परत फोन करून तसं सांगितलं.

याच्या उलटीही एक चूक होते. अर्धवट भरलेलं लिहायचंच राहून गेलं, तर ३८८ ला नुसत्या साडेदहाने भागलं जाईल आणि ॲव्हरेज ३७ येईल. आकडा असा एकदम डोळे दिपवणारा आला, की समजायचं एक बिल वहीत चढलेलं नाही.

पंपावर

फुल म्हणजे किती, हे दर वेळी सारखं असायला हवं. नळीचा खटका पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबायचं. काही पंपांवर नंतर हलवून हलवून आणखी थोडं घालतात, किंवा पुढचा रुपया पूर्ण करायला दोन दाबा मारतात. एका वेळी तसं आणि दुसऱ्या वेळी नाही, तर अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक सहज पडतो. गाडी सपाटीवर उभी हवी. एका अंगाला कललेली असेल तर टाकीत हवा अडकते आणि खटका लवकर पडतो. जमेल तेवढं एकाच पंपावर भरा. भरण्याआधी मशीनवर शून्य बघा, आणि बिलावर लिटरचा आकडा छापून आलाय ना ते बघा. काही जण नुसती रक्कम लिहिलेली चिठ्ठी देतात, ती घेऊ नका.

माप कमी वाटत असेल, तर प्रत्येक पंपावर वैध मापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं. ग्राहकाने मागितलं तर त्यात डिझेल काढून दाखवावं लागतं. भांडायला जायची गरज नाही, "पाच लिटरचं माप दाखवा" एवढं म्हणायचं.

पंपावरचा हा अर्धा लिटर छोट्या फेरीत खूप दिसतो आणि लांबच्या फेरीत कमी. पाच लिटर भरून हिशेब केला तर अर्धा लिटर म्हणजे दहावा हिस्सा, वीस लिटर भरल्यावर चाळिसावा. म्हणून टाकी निम्म्याहून जास्त रिकामी झाल्यावरच फुल करावी. रोज शंभराचं, दोनशेचं टाकलं तर कधीच काही कळणार नाही. ज्या गटात एकदम सतराशे-अठराशे रुपये निघत नाहीत, त्यांनी मधे थोडं थोडं टाकलं तरी चालेल, पण महिन्यातून तीन वेळा तरी टाकी फुल झालीच पाहिजे.

ज्यांची रिक्षा सीएनजीवर आहे त्यांनी लिटरच्या जागी किलो लिहायचे, बाकी सगळं हेच. फक्त गॅस पंपावरच्या दाबाप्रमाणे आणि उन्हातान्हाप्रमाणे कमी-जास्त बसतो, त्यामुळे एका भरण्यावर विश्वास न ठेवता चार-पाच भरण्यांचा मिळून हिशेब करावा.

ऑगस्टची वही

तक्त्यात फक्त फुल टाकीच्या नोंदी घेतल्या आहेत. ११ तारखेच्या लिटरमध्ये ९ तारखेचे दहा मिळवलेले आहेत.

| तारीख | मीटर | चालली (कि.मी.) | लिटर | ॲव्हरेज |
|---|---|---|---|---|
| १ ऑगस्ट | ४१,२०० | – | सुरुवात | – |
| ५ ऑगस्ट | ४१,५४२ | ३४२ | १८.० | १९.० |
| ११ ऑगस्ट | ४१,९३० | ३८८ | २०.५ | १८.९ |
| १६ ऑगस्ट | ४२,२२६ | २९६ | १६.० | १८.५ |
| २० ऑगस्ट | ४२,५२६ | ३०० | १७.५ | १७.१ |
| २५ ऑगस्ट | ४२,८३८ | ३१२ | १९.५ | १६.० |
| ३० ऑगस्ट | ४३,१३२ | २९४ | १९.६ | १५.० |

शेवटचा रकाना वरून खाली एकदा वाचा. एक आकडा खाली जाऊन पुढचा वर आला, तर तो पंपावरचा फरक असतो. आधी जास्त बसलेलं डिझेल पुढच्या वेळी कमी बसतं आणि दोन्ही मिळून बरोबर येतं. इथे तसं नाही. इथे आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आलाय, आणि एकदाही वर चढलेला नाही. लागोपाठ तीन वेळा ॲव्हरेज उतरलं तर खरंच काहीतरी झालंय असं धरून शोध घ्यायचा.

पैशात बोलायचं तर, १९ च्या ॲव्हरेजला एका किलोमीटरचं डिझेल ९० भागिले १९, म्हणजे ४ रुपये ७४ पैसे. १५ ला ९० भागिले १५, म्हणजे ६ रुपये. किलोमीटरमागे सव्वा रुपया जास्त. ही गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये नुसते हवेत.

३१ तारखेच्या बैठकीत वही उघडली आणि जे व्हायचं तेच झालं. एक ताई म्हणाल्या, "अगं, यात शोधायचंय काय, पोरगा डिझेल काढून विकतोय." मुलाची आई तिथेच बसलेली. त्या उठून जायला लागल्या. दोन जणी म्हणाल्या ड्रायव्हर बदला, एक म्हणाल्या गाडीच विका. ९ तारखेचा माझा फोन मला आठवत होता. म्हणून मी म्हटलं, आज काही ठरवायला नको, दोन दिवस द्या.

चोरीच असेल तर वहीत काय दिसेल, हे आम्ही आधी बसून बघितलं. टाकीतून डिझेल काढलं तर ॲव्हरेज उतरतं, हे खरं. पण काढणारा बहुतेक वेळा एकदम दोन-चार लिटर काढतो, त्यामुळे एखाद्या वेळी आकडा धपकन पडतो आणि इतर वेळी बरा असतो. बिलात फुगवलं असेल तर कधीतरी टाकीत मावणार नाही एवढ्या लिटरचं बिल येतं. ३० लिटरच्या टाकीला ३१ लिटरचं बिल आलं, तर विचारायला हवं. आणि गाडी परस्पर दुसऱ्याचा माल न्यायला वापरली, तर गंमत बघा, ॲव्हरेज मुळीच उतरत नाही! कारण ते किलोमीटर मीटरवर पडतातच. ते पकडायचं तर फेऱ्यांची नोंद लागते. या गटात त्या महिन्यात मार्केटच्या ३८ फेऱ्या लिहिलेल्या होत्या. एका फेरीचे ४८ धरून १,८२४ किलोमीटर झाले. मीटरवर १,९३२. फरक १०८ चा, त्यात पंपावर, गॅरेजला आणि एकदा तालुक्याच्या गावी जाणं आलं. म्हणजे तिथे काही लपलेलं नव्हतं.

तरी एवढ्यावरून कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवता येत नाही. चोरीही हळूहळू वाढवता येते. वही फक्त सांगते की डिझेल जास्त जातंय. का जातंय, ते गाडीपाशी जाऊनच कळतं.

दोन सप्टेंबरची फेरी

आम्ही एक साधी परीक्षा घेतली. सकाळी पंपावर टाकी फुल केली, पहिला खटका पडल्यावर थांबलो. मग रोजच्यासारखंच काम. रिकामी गाडी गावाला, क्रेट भरून मार्केटला, परत तसंच एकदा. गाडीत ड्रायव्हरशेजारी एकच माणूस बसतं, म्हणून सकाळच्या फेरीत आरोप करणाऱ्या ताई स्वतः बसल्या आणि दुपारी अध्यक्ष ताई. गाडी कुठेही नजरेआड केली नाही. संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत फुल. ९६ किलोमीटर झाले होते आणि डिझेल बसलं ६.४ लिटर. ९६ भागिले ६.४ म्हणजे बरोबर १५.

ॲव्हरेज १९ असतं तर पाच लिटरच लागले असते. छोट्या फेरीत पंपाचा अर्धा लिटर इकडे-तिकडे होतो, हे मी वर सांगितलंच. तो सोडून दिला तरी ५.९ लिटरला १६.३ येतात, १९ काही येत नाहीत. डिझेल काढायची संधीच नव्हती, तरी ॲव्हरेज १५. म्हणजे डिझेल गाडीच पीत होती.

मग मी त्या मुलाला विचारलं, गाडीत काही वेगळं वाटतं का? तो म्हणाला, "ताई, पंधरा दिवस झाले, गाडी जड चालतीय. उतारावर सोडली तरी पळत नाही. मी घरी बोललो होतो, पण ऐकतं कोण." मघाशी म्हटलं ती वहीतली रिकामी जागा यासाठीच. ॲव्हरेजच्या आधी गाडीतला बदल ड्रायव्हरच्या पायाला कळलेला असतो.

गाडी जड चालते म्हणजे बहुतेक वेळा चाकांत हवा कमी असते नाहीतर ब्रेक धरून राहतो. हवा आम्ही लगेच तपासली, ती बरोबर होती. ब्रेक तपासायची घरगुती रीत अशी. दहा किलोमीटर गाडी चालवायची, मधे ब्रेक कमीत कमी मारायचा, आणि थांबल्यावर एकेका चाकाजवळ हात न्यायचा. हात लावायचा नाही, भाजेल, नुसता जवळ धरायचा. चारही चाकं साधारण सारखी गरम असायला हवीत. आमच्या गाडीचं मागचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं होतं आणि जळका वास येत होता. गॅरेजला जॅक लावून चाक उचललं तर ते हाताने फिरेना. पावसाळ्यात शेतातल्या वाटेने जाऊन हँडब्रेकच्या वायरीत चिखल गेला होता आणि वायर अडकली होती. हँडब्रेक खाली केला तरी त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. गाडी महिनाभर थोडा थोडा ब्रेक लावूनच धावत होती. लायनरही घासून गेलं होतं. सगळं मिळून मिस्त्रीने १,४०० रुपये घेतले. हे तसंच राहिलं असतं तर पैशाचं जाऊ द्या, भरल्या गाडीचा ब्रेक घाटात तापून निकामी झाला असता.

पुढच्या भरण्याला गाडी ३३५ किलोमीटर चालली आणि १७.७ लिटर लागलं. ॲव्हरेज १८.९. ज्या ताईंनी आरोप केला होता, त्या मुलाच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

एक सांगायचं राहिलं. आपल्या गाडीची तुलना कंपनीच्या कागदावरच्या ॲव्हरेजशी करू नका, शेजारच्या गटाच्या गाडीशीही नको. त्यांचा रस्ता वेगळा, माल वेगळा. आपल्या गाडीची तुलना तिच्याच मागच्या महिन्यांशी करायची. तेही काम बदललं असेल तर जपून. टोमॅटोऐवजी कांद्याची भरगच्च पोती न्यायला लागलात किंवा रस्त्यात घाट आला, तर ॲव्हरेज उतरणारच, तो बिघाड नाही.

एक किलोमीटर केवढ्याला पडतो

डिझेलचा खर्च कळला की गाडीचा खर्च कळला, असं आपण धरतो आणि भाडं तसंच ठरवतो. या गटानेही तेच केलं होतं. ४८ किलोमीटरच्या फेरीला डिझेल सव्वादोनशेचं, आणि भाडं क्रेटला २० रुपये, ३० क्रेटचे ६००. पावणेचारशे सुटतात, असा त्यांचा समज होता. तरी दर महिन्याला हप्त्याच्या वेळी बचतीतून पैसे काढावे लागत होते.

खर्च दोन प्रकारचा असतो. एक, गाडी चालली तरच होणारा. यात डिझेल ४ रुपये ७४ पैसे आले. चार टायर १४,००० ला येतात आणि या रस्त्यावर ३५,००० किलोमीटर जातात, म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. ऑइल आणि सर्व्हिसिंगचे ३६ पैसे धरले. किरकोळ दुरुस्तीसाठी ५० पैसे बाजूला ठेवायचे, म्हणजे ब्रेकसारखं काही निघालं तर उसने मागावे लागत नाहीत. सगळे मिळून किलोमीटरला ६ रुपये.

दुसरा खर्च गाडी दारात उभी राहिली तरी होणारा. कर्जाचा हप्ता ९,०००, ड्रायव्हरचा पगार १२,०००, विम्याचे वर्षाला २४,००० म्हणजे महिन्याला २,०००, आणि पासिंग, पीयूसी वगैरेचे महिन्याला ५०० धरू. एकूण २३,५००. विमा वर्षातून एकदाच भरतो म्हणून तो महिन्याच्या हिशेबात कोणी घेत नाही, आणि मग त्या महिन्यात धावपळ होते. ऑगस्टमध्ये गाडी १,९३२ किलोमीटर चालली. २३,५०० भागिले १,९३२ म्हणजे १२ रुपये १६ पैसे. त्यात चालण्याचे ६ मिळवले की एक किलोमीटर पडला १८ रुपये १६ पैशांना. डिझेल त्यात पाव हिश्श्याच्या जरासं वर आहे.

आता फेरीचा हिशेब. माल एकाच बाजूने असतो, पण गाडी दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून ४८ च धरायचे. ४८ गुणिले १८ रुपये १६ पैसे म्हणजे साधारण ८७२ रुपये. क्रेटचे येतात ६००. ज्या दिवशी येताना पशुखाद्याचं ३०० रुपये भाडं मिळतं त्या दिवशी ९०० होतात आणि कसंबसं भागतं. गाडी रिकामी आली की त्या फेरीत पावणेतीनशेचा खड्डा. हप्त्याला बचतीतून पैसे जात होते ते इथून.

मग कोणी ५०० रुपयांत फेरी मागितली तर नाही म्हणायचं का? गाडी दारात उभीच असेल आणि दुसरं काम नसेल, तर हो म्हणावं. हप्ता, पगार, विमा तसाही जाणारच आहे. त्या फेरीला जास्तीचे फक्त ६ रुपयांप्रमाणे २८८ खर्च होतील आणि २१२ रुपये हप्त्याला हातभार लावतील. पण रोजचं भाडंच ५०० ठरवलं तर गाडी पळत राहील आणि गट बुडत जाईल. ज्या भाड्यात ६ रुपयेसुद्धा सुटत नाहीत, ते मात्र कधीच घेऊ नये, नात्यातलं असलं तरी.

दुसरी वाट म्हणजे गाडी जास्त चालवणं. महिन्याला २,६०० किलोमीटर झाले तर तेच २३,५०० जास्त किलोमीटरवर वाटले जाऊन ९ रुपये ४ पैसे पडतील, आणि फेरीचा खर्च ८७२ वरून ७२२ वर येईल. अर्थात ते जास्तीचे किलोमीटर भाड्याचे हवेत, रिकाम्या फेऱ्यांचे नकोत.

या गटापुढे आता दोन पर्याय आहेत. क्रेटचा दर २० वरून २५ करायचा, किंवा येतानाचा माल रोज मिळेल अशी दोन दुकानं बांधून घ्यायची. दर वाढवला तर गटातल्याच टोमॅटोवाल्या तायांना तो द्यावा लागणार, म्हणून त्यावर बैठकीत बराच वेळ बोलणं झालं आणि निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीआधी अध्यक्ष ताई मार्केटजवळच्या पशुखाद्याच्या दोन दुकानांत जाऊन विचारणार आहेत, आणि सप्टेंबरच्या वहीत येतानाच्या मालाचा वेगळा रकाना आखून झालाय.